परस्पर गोपनीयता कराराचा मराठी अनुवाद: व्याख्या आणि अपवाद कसे जुळवून घ्यावेत

सांगली, कुपवाड, इस्लामपूर किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांकडे पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांचे इंग्रजी एनडीए, म्हणजे गोपनीयता करार, येतात. सही करण्याआधी भागीदारांना आणि घरच्यांना वाचता यावा म्हणून तो मराठीत हवा असतो. मग वकिलांच्या ओळखीने हे काम अनुवादकाकडे येतं. करार पाच-सहा पानांचा असतो आणि त्यातली बरीचशी कलमं नेहमीची असतात. खरी जबाबदारी दोनच ठिकाणी असते: ‘गोपनीय माहिती’ची व्याख्या आणि तिचे अपवाद. भारतात व्यापारी गुपितांसाठी अजून स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे कोणती माहिती जपायची आणि कोणती मोकळी, याची मुख्य भिस्त कराराच्या शब्दांवरच राहते.

व्याख्या हा शेताचा बांध धरला, तर अपवाद ही त्या बांधातून सोडलेली वाट आहे. बांध एका हाताने आणि वाट दुसऱ्या हाताने आखून चालत नाही, म्हणून ही दोन कलमं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या बैठकीत अनुवादित करू नका. शेजारी शेजारी ठेवून एकदमच करा.

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना प्रसंग घेऊ. कुपवाडचा एक कारखानदार वाफेवर हळद शिजवण्याचे संच बनवतो. गड्डा, जाड हळकुंड आणि बारीक हळकुंड यांना किती दाबाची वाफ किती वेळ द्यायची, याचा त्याने वर्षानुवर्षांच्या अनुभवातून बसवलेला एक तक्ता आहे. पुण्याची एक कंपनी त्या संचाला सेन्सर आणि नियंत्रण यंत्रणा बसवून देणार आहे. कारखानदार तिला तक्ता देणार आणि कंपनी त्याला सेन्सर जुळवण्याची आपली पद्धत सांगणार. दोघंही माहिती देणारे आणि दोघंही घेणारे, म्हणून करार परस्पर.

आधी पक्षांची नावं ठरवा

आपल्याकडच्या दस्तांत ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ अशी जुनी पद्धत आहे. तिथे देणार एकच आणि घेणार एकच, शेवटपर्यंत. परस्पर करारात मात्र भूमिका माहितीगणिक बदलते. तक्त्यापुरता कारखानदार देणारा असतो आणि सेन्सरच्या पद्धतीपुरती कंपनी. म्हणून सोय म्हणून कुठेही ‘कंपनी’ किंवा ‘कारखानदार’ असं लिहून मोकळं होऊ नका. मूळ मजकुरात भूमिकेचं नाव आहे तिथे मराठीतही भूमिकेचंच नाव हवं. एका ओळीत जरी ‘कंपनीकडून मिळालेली माहिती’ असं गेलं, तरी त्या ओळीपुरता करार एकतर्फी होतो.

नाव कोणतं घ्यायचं, यातही एक खाचखळगा आहे. पुष्कळ अनुवादांत ‘माहिती देणारा पक्ष’ आणि ‘माहिती घेणारा पक्ष’ अशी नावं दिसतात. ऐकायला ती ठीक वाटतात. पण अपवादाच्या कलमात हे वाक्य येतं: ‘ती माहिती घेणाऱ्या पक्षाला आधीच ठाऊक होती.’ आता ‘ती माहिती’ हे एकत्र वाचायचं, की ‘माहिती घेणाऱ्या पक्षाला’ हे एकत्र? वाक्य दोन्हींकडे ओढलं जातं. मी ‘देणार पक्ष’ आणि ‘घेणार पक्ष’ अशी छोटी नावं वापरतो. दस्त वाचणाऱ्याच्या कानाला ती ओळखीची आहेत आणि ‘माहिती’ हा शब्द त्यात नसल्याने वाक्यं अडत नाहीत. फक्त सुरुवातीलाच असं स्पष्ट लिहा: जो पक्ष माहिती देतो तो त्या माहितीपुरता देणार पक्ष, आणि ज्याला ती मिळते तो त्या माहितीपुरता घेणार पक्ष. मुळात हा अर्थ असतोच, मराठीत तो सुटता कामा नये.

व्याख्या: बांध कुठवर जातो

पहिल्यांदा बघा की मूळ व्याख्येत ‘मीन्स’ आहे, ‘इन्क्लूड्स’ आहे की दोन्ही. ‘मीन्स’ असेल तर यादी तिथेच संपते, त्यासाठी ‘म्हणजे’ घ्या. ‘इन्क्लूड्स’ असेल तर यादी उघडी राहते, त्यासाठी ‘यात पुढील गोष्टींचा समावेश होतो’ असं घ्या. ‘इन्क्लूडिंग विदाउट लिमिटेशन’ आलं की हात ‘इत्यादी’कडे जातो. तो आवरायला हवा. ‘रेखाचित्रे, नमुने, दरपत्रके इत्यादी’ असं लिहिलं की वाचणारा त्याच जातीच्या आणखी गोष्टी धरतो. मुळात तसं बंधन नसतं. ‘यांसह, परंतु एवढ्यापुरतेच मर्यादित न राहता’ हे लांबलचक वाटतं, पण अर्थ तोच ठेवतं.

दुसरी गोष्ट मराठीच्या वाक्यरचनेची आहे आणि तिच्यावर मी सर्वात जास्त वेळ घालवतो. इंग्रजीत विशेषण-वाक्य नामाच्या मागून येतं. मराठीत आपण ते सहज पुढे घेतो. मूळ मजकूर असा समजा की तांत्रिक माहिती, रेखाचित्रं आणि दरपत्रकं, आणि यातल्या प्रत्येकावर ‘गोपनीय’ असं नमूद केलेलं असलं पाहिजे. मराठीत पटकन होतं: ‘गोपनीय असे नमूद केलेली तांत्रिक माहिती, रेखाचित्रे व दरपत्रके.’ हे वाचून कारखानदार म्हणेल की शिक्का फक्त तांत्रिक माहितीवर हवा, दरपत्रक बिनशिक्क्याचं असलं तरी गोपनीयच. कंपनी म्हणेल, तिन्हींवर हवा. दोघांचंही वाचन मराठीत बसतं, म्हणजे अनुवादाने नवा वाद तयार केला.

यावर उपाय म्हणजे ‘अशी… जी…’ ही रचना, आणि अटी खाली वेगळ्या ओळींत. आपल्या प्रसंगातली व्याख्या मी अशी मांडेन:

‘गोपनीय माहिती’ म्हणजे या कराराच्या उद्देशासाठी देणार पक्षाने घेणार पक्षाला दिलेली अशी कोणतीही तांत्रिक किंवा व्यावसायिक माहिती, जी—
(क) लेखी स्वरूपात दिलेली असून, जिच्यावर देतेवेळी ‘गोपनीय’ असे नमूद केलेले आहे; किंवा
(ख) तोंडी दिलेली असून, ती गोपनीय असल्याचे देतेवेळी सांगितलेले आहे आणि दिल्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत देणार पक्षाने तिचा गोषवारा घेणार पक्षाला लेखी कळवलेला आहे.

(ख)मध्ये ‘देणार पक्षाने’ हे दोन शब्द मुद्दाम ठळकपणे ठेवले आहेत. मराठीत कर्ता गाळून ‘३० दिवसांच्या आत लेखी कळवल्यास’ असं लिहिणं अगदी स्वाभाविक वाटतं. पण मग कळवायचं कुणी? चाचणीच्या दिवशी कारखानदार वाफेच्या दाबाची एक युक्ती बोलता बोलता सांगतो. ती गोपनीय आहे असं म्हणतोही, पण लेखी काही पाठवत नाही. कंपनीचा इंजिनिअर मात्र त्या भेटीचं टिपण आठवड्याभरात त्याला ईमेल करतो. मूळ करारानुसार ती युक्ती गोपनीय ठरत नाही, कारण देणाऱ्याने कळवलेलं नाही. कर्ता गाळलेल्या मराठीत ती गोपनीय ठरू शकते. दोन शब्दांनी निकाल उलटतो.

काही मसुद्यांत (ग) असं तिसरं पोटकलमही असतं: माहितीचं स्वरूप आणि ती दिली तेव्हाची परिस्थिती पाहता, वाजवी विचार करणाऱ्या माणसाला जी गोपनीय समजावी अशी माहिती. याचं मराठी ‘गोपनीय वाटेल अशी माहिती’ इतकंच करू नका. वाटेल कुणाला? मूळ कसोटी तिऱ्हाईत, समंजस माणसाची आहे. तो माणूस वाक्यातून गेला की देणाऱ्याला वाटलं तेच गोपनीय, असा अर्थ निघायला जागा होते. त्या माणसाला वाक्यात बसवाच, वाक्य थोडं बोजड झालं तरी.

अपवाद: प्रत्येकाची अट नीट मोजा

नेहमीचे अपवाद चार असतात. सर्वत्र उपलब्ध असलेली माहिती, घेणाऱ्याला आधीच ठाऊक असलेली, त्रयस्थाकडून रीतसर मिळालेली आणि घेणाऱ्याने स्वतंत्रपणे तयार केलेली. नावाने ते सोपे वाटतात, पण प्रत्येकाला अटीचं एक शेपूट असतं आणि अनुवादात तेच गळतं.

त्याआधी चौघांना जोडणारा शब्द पाहा. मुळात शेवटच्या दोन अपवादांच्या मध्ये एकदाच ‘ऑर’ येतो आणि तो सगळ्या यादीला लागू असतो. मराठीत यादी लिहिताना सवयीने ‘आणि’ पडतं. त्याने माहितीला चारही अपवाद एकाच वेळी लागू व्हावे लागतात, म्हणजे व्यवहारात एकही लागत नाही. कारखानदाराला स्वतःला करारापूर्वीपासून येत असलेली गोष्टसुद्धा जपावी लागेल. म्हणून यादीच्या डोक्यावरच ‘पुढीलपैकी कोणतीही एक गोष्ट लागू असल्यास’ असं लिहा आणि प्रत्येक पोटकलमाच्या शेवटी ‘किंवा’ ठेवा.

पहिल्या अपवादात दोन जागा जपा. ‘पब्लिक डोमेन’साठी ‘सार्वजनिक क्षेत्र’ अजिबात नको. सार्वजनिक क्षेत्र म्हटलं की आपल्याला सरकारी बँका आणि सरकारी कंपन्या आठवतात. ‘सर्वसामान्य लोकांना उपलब्ध’ हे साधं आणि बिनचूक आहे. दुसरी जागा काळाची. मुळात ‘आहे किंवा पुढे होईल’ असे दोन काळ असतात. नुसतं ‘उपलब्ध असलेली’ लिहिलं तर सहीच्या दिवसाचीच स्थिती धरली जाईल. समजा कारखानदाराने तक्ता शिक्का मारून कंपनीला दिला आणि सहा महिन्यांनी शेतकरी मेळाव्यात त्यानेच तो छापून वाटला. मूळ करारानुसार त्या दिवसापासून कंपनी मोकळी. एका काळाच्या मराठीत ती बांधलेलीच राहील.

याच अपवादाचं शेपूट असं: घेणाऱ्याच्या करारभंगामुळे माहिती फुटली असेल तर अपवाद लागत नाही. इथे मुळात ‘करारभंग’ आहे की ‘दोष’, हे तपासा. करारभंग म्हणजे याच कराराच्या कलमांचं उल्लंघन. दोष त्याहून रुंद, त्यात निष्काळजीपणाही येऊ शकतो. एकाच्या जागी दुसरा घातला की अपवादाची रुंदी बदलते. शिवाय ‘कराराचा भंग न करता उपलब्ध झाली’ असं लिहिलं तर भंग न करणारं कोण, हे लटकत राहतं. वाक्य दोन भागांत तोडा: ‘किंवा नंतर तशी उपलब्ध झाली, आणि तसे होण्यास घेणार पक्षाने केलेला या कराराचा भंग कारणीभूत नाही.’

दुसऱ्या अपवादात ‘आधीपासून माहीत असलेली’ एवढं पुरत नाही. कुणाला माहीत आणि कशाच्या आधी, या दोन्हींची उत्तरं वाक्यात हवीत: ‘देणार पक्षाकडून मिळण्यापूर्वीच घेणार पक्षाला ठाऊक होती.’ करार होण्यापूर्वी नाही, मिळण्यापूर्वी. करार मार्चमध्ये झाला आणि तक्ता जूनमध्ये मिळाला, तर मधल्या तीन महिन्यांत कंपनीने स्वतः शिकलेलं या एका शब्दावर आत किंवा बाहेर जातं. या अपवादाला बहुधा लेखी नोंदींनी दाखवून देण्याची अट जोडलेली असते. ती अट कुठे बसली आहे ते बोट ठेवून पाहा. यादीच्या डोक्यावर असेल तर चारही अपवादांना लागू, दुसऱ्यातच असेल तर फक्त दुसऱ्याला. मराठीत वाक्य ऐटबाज व्हावं म्हणून ती उचलून वर नेली, तर पुराव्याचं ओझं चौपट केलं असं होतं.

तिसऱ्यात त्रयस्थावर गोपनीयतेचं बंधन नसावं, हे शेपूट असतं. बंधन कुणाचं, कुणाविषयी, हे मुळात जितकं सांगितलं आहे तितकंच ठेवा. ‘घेणार पक्षाच्या माहितीप्रमाणे’ अशी सूट मुळात असेल तर ती गाळू नका, आणि नसेल तर दयाबुद्धीने घालू नका.

चौथ्यात नकाराचा सापळा आहे. मुळात ‘विदाउट यूज ऑफ ऑर रेफरन्स टू’ असं असतं, म्हणजे वापरही नाही आणि आधारही नाही. मराठीत ‘गोपनीय माहितीचा वापर किंवा आधार न घेता’ असं केलं तर दोहोंपैकी एक घेतला नसला तरी चालेल, असं वाचता येतं. ‘गोपनीय माहितीचा वापर न करता आणि तिचा आधारही न घेता’ असं लिहा. नकारासोबतचा इंग्रजी ‘ऑर’ मराठीत बहुधा ‘आणि… ही’ होतो. यादीतला ‘ऑर’ मात्र ‘किंवा’च राहतो. नवख्याने हे दोन्ही एकाच कलमात शेजारी भेटतील याची तयारी ठेवावी.

पाचवा अपवाद, जो अपवाद नाही

न्यायालयाचा आदेश आला किंवा सरकारी अधिकाऱ्याने कायद्याने मागणी केली, तर माहिती द्यावी लागते. हे कलम अपवादांच्या लगेच खाली असतं, म्हणून अनेक अनुवादांत ते यादीतलं पाचवं होऊन बसतं. पण मुळात नीट वाचलं तर चार अपवादांतली माहिती गोपनीय मानलीच जात नाही. इथे ती गोपनीयच राहते, फक्त त्या एका अधिकाऱ्याला, मागितली तितकीच, शक्य असेल तर देणार पक्षाला आधी कळवून देण्याची मुभा असते. न्यायालयात तक्ता दाखल केला म्हणून कंपनीला तो कुपवाडच्या दुसऱ्या कारखानदाराला विकता येत नाही. अनुवादात हे कलम पाचवं झालं तर मात्र विकता येईल असा अर्थ निघतो. म्हणून त्याला वेगळा क्रमांक द्या आणि क्रियापद बदला. अपवादांत ‘गोपनीय माहिती मानली जाणार नाही’, इथे ‘देता येईल’. एखाद्या मसुद्यात वकिलानेच ते अपवादांत घातलेलं असेल तर अनुवादातही तिथेच ठेवा आणि वकिलांना चिठ्ठी लिहा.

आणखी एक वाक्य काही करारांत अपवादांच्या शेवटी असतं: माहितीचे सुटे भाग सर्वांना ठाऊक असले, म्हणून त्यांची एकत्र मांडणी अपवादात जात नाही. आपल्या प्रसंगात याला फार महत्त्व आहे. वाफेवर हळद शिजते हे सांगली जिल्ह्यात कुणालाही सांगावं लागत नाही. कारखानदाराचं गुपित आहे ते हळदीच्या तीन प्रकारांसाठी दाब आणि वेळ यांच्या जुळणीत. हे वाक्य मुळात असेल तर ‘केवळ… म्हणून’ हा जोड न चुकता आणा. नसेल तर आपल्या माणसाचं भलं व्हावं म्हणून घालू नका. तो निर्णय त्याचा आणि त्याच्या वकिलाचा आहे.

प्रसंग लावून तपासा

मराठी परत इंग्रजीत करून पाहणं ही नेहमीची तपासणी. तिने शब्द सुटलेला कळतो, पण गाळलेला कर्ता बऱ्याचदा कळत नाही, कारण परत भाषांतर करताना आपलं डोकं तो कर्ता आपोआप भरतं. त्याहून भरवशाची तपासणी म्हणजे प्रसंग लावणं. कागदावर सहा-सात प्रसंग लिहा: शिक्क्याचा तक्ता, बिनशिक्क्याचा ईमेल, तोंडी युक्ती, मेळाव्यात वाटलेलं पत्रक, कंपनीच्याच माणसाने फोडलेली माहिती, तिसऱ्या पुरवठादाराने सांगितलेली गोष्ट, न्यायालयाचा आदेश. प्रत्येक प्रसंगाला आधी फक्त इंग्रजी वाचून ‘गोपनीय’, ‘नाही’ किंवा ‘गोपनीय पण देता येईल’ असं उत्तर लिहा. मग तो कागद झाका आणि ज्याने इंग्रजी पाहिलेलं नाही अशा माणसाकडून मराठी वाचून उत्तरं घ्या. तो माणूस वकील नसला तर उत्तमच. करार मात्र अशील आणि वकिलांच्या परवानगीनेच दाखवा, नावं झाकून. उत्तर जिथे वेगळं येईल किंवा जिथे तो ‘दोन्ही होऊ शकतं’ म्हणेल, तिथे वाक्य दुरुस्त करा. मात्र इंग्रजीतच दोन्ही होऊ शकत असेल, तर मराठीतही दोन्ही होऊ शकलं पाहिजे. मूळ संदिग्धता परस्पर सोडवणं हे आपलं काम नव्हे.

यानंतर तेच प्रसंग उलटे करा. तक्ता कंपनीचा आणि सेन्सरची पद्धत कारखानदाराची, असं धरून पुन्हा उत्तरं घ्या. परस्पर करारात उत्तरं तीच यायला हवीत. एखादं बदललं तर कुठेतरी भूमिकेच्या नावाऐवजी पक्षाचं नाव शिरलं आहे, ते शोधा.

वकिलांना द्यायची चिठ्ठी

अनुवादासोबत शंकांची वेगळी चिठ्ठी द्या आणि ती कराराच्या मजकुरात मिसळू नका. तीत कलमाचा क्रमांक, निघणारे दोन अर्थ आणि मराठीत काय ठेवलं, एवढंच लिहा. उदाहरणार्थ: ‘कलम २(ख): गोषवारा कळवेपर्यंतच्या ३० दिवसांत तोंडी माहिती गोपनीय धरायची की नाही, हे मुळात स्पष्ट नाही. मराठीतही तसेच ठेवले आहे. कृपया निर्णय कळवावा.’ ही शंका परस्पर करारांत वारंवार निघते आणि वकिलांना ती उपयोगी पडते, कारण सही होण्याआधी एक वाक्य घालून ती मिटवता येते.

शेवटी विचारायचं राहू नये असं एक: दोन प्रतींत तफावत आढळल्यास कोणती ग्राह्य धरायची? कलम असेल तर जसंच्या तसं आणा. नसेल तर स्वतःहून ‘इंग्रजी प्रत ग्राह्य’ असं तळटीपेतही टाकू नका, चिठ्ठीत विचारा. दोन्ही प्रती सारख्याच ग्राह्य असं उत्तर आलं, तर प्रसंगांचा कागद पुन्हा काढा आणि दुसऱ्या एखाद्या माणसाकडून मराठीची उत्तरं परत घ्या, कारण आता त्या मराठी वाक्यावरही कारखानदाराला कोर्टात उभं राहावं लागू शकतं.